कर्ज फिटलं, बोजा मात्र तसाच

प्रति,
माननीय सचिव,
कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालय,
नवी दिल्ली

विषय : कर्जफेडीनंतर चार्ज उतरवण्यातली दिरंगाई आणि तिच्या माफीची पद्धत

महोदय,



मी कोल्हापुरात कंपनी सचिव म्हणून व्यवसाय करते. फौंड्री, मशिन शॉप, कापड आणि साखरेच्या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान खासगी कंपन्या हे माझं रोजचं काम. या कंपन्यांची एक अडचण वारंवार माझ्या टेबलावर येते, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. कंपनी कर्जाचा शेवटचा हप्ता भरते, बँक 'नो ड्यूज'चं पत्र देते, मशिनची कागदपत्रं परत मिळतात आणि सगळे मोकळे होतात. आपल्या मंत्रालयाच्या नोंदवहीत मात्र तो बोजा, म्हणजे चार्ज, तसाच उघडा राहतो. तो उघडा आहे हे कळतं ते चार वर्षांनी, नवं कर्ज मागायला गेल्यावर. तोवर निबंधकांच्या हातातली मुदत संपलेली असते आणि एका साध्या नोंदीसाठी प्रादेशिक संचालकांपुढे अर्ज करावा लागतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. चार्ज चढवण्यातला उशीर आणि चार्ज उतरवण्यातला उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात तिसऱ्या माणसाची फसगत होऊ शकते, म्हणून तिथं कायदा कडक आहे आणि तो तसाच असावा. दुसऱ्यात सहसा कर्ज फेडणाऱ्या कंपनीखेरीज कुणाचंच नुकसान होत नाही. तिथं मात्र किल्ली बँकेच्या हाती आणि दंड कंपनीच्या माथी, अशी वाटणी झाली आहे.

आधी चढवण्याचं बघू, कारण तिथली रचना समजली की उतरवताना काय बिघडतं ते आपोआप कळतं.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ७७ प्रमाणे चार्ज निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत तो CHG-1 फॉर्ममधून नोंदवायचा असतो. २ नोव्हेंबर २०१८ पासून या कलमाला दोन पायऱ्या आहेत. तीस दिवस चुकले तर साठाव्या दिवसापर्यंत जादा शुल्क भरून निबंधकांकडे अर्ज करता येतो. तेही हुकले तर आणखी ६० दिवस, म्हणजे एकूण १२० दिवसांपर्यंत, जादा शुल्कावर कर्जाच्या रकमेच्या प्रमाणातलं शुल्क भरावं लागतं. उशिराच्या अर्जासोबत CHG-10 मध्ये कंपनीच्या संचालकाने किंवा सचिवाने असंही जाहीर करायचं असतं, की या विलंबाने मधल्या काळात आलेल्या कोणत्याही धनकोच्या हक्काला बाधा येत नाही.

समजा, एका लहान कंपनीने १ सप्टेंबर २०२४ रोजी २ कोटींच्या कर्जासाठी मशिनरी तारण दिली. तिची साधी मुदत १ ऑक्टोबरला संपली. ३१ ऑक्टोबरपर्यंत मूळ शुल्काच्या तिप्पट जादा शुल्क भरून काम झालं असतं. त्यानंतर ३० डिसेंबरपर्यंत त्याशिवाय रकमेच्या ०.०२५ टक्के, म्हणजे ५,००० रुपये. कंपनी लहान नसती तर तिप्पटऐवजी सहापट आणि ०.०२५ ऐवजी ०.०५ टक्के. रक्कम फार मोठी नाही. खरा धाक पुढच्या दिवसाचा आहे. ३१ डिसेंबरला, म्हणजे एकशे एकविसाव्या दिवशी, तो चार्ज नोंदवण्याची वाटच उरत नाही. २०१८ पूर्वी कलम ८७ खाली विलंब माफ करून मुदत वाढवून मिळायची. आता ते कलम चार्ज नोंदणीच्या विलंबाला लागूच होत नाही. मग बँक आणि कंपनी यांना नव्याने दस्त करून नव्या तारखेचा चार्ज निर्माण करावा लागतो, आणि मधल्या काळात दुसऱ्या कुणी त्याच मालमत्तेवर हक्क मिळवला असेल तर तो आधी उभा राहतो.

हे कडक आहे, पण अन्यायाचं नाही. नोंद नसलेला चार्ज म्हणजे गावाला न दिसणारा बोजा. कच्चा माल उधार देणारा व्यापारी आणि दुसरी बँक त्या नोंदवहीकडे बघूनच व्यवहार करतात. कलम ७७(३) सांगतं, की नोंदणी आणि प्रमाणपत्र नसलेला चार्ज लिक्विडेटर किंवा इतर धनको विचारात घेणार नाहीत. कर्ज बुडत नाही, ते देणं तसंच राहतं, पण तारण हातचं जातं आणि बँक बिनतारणी धनकोंच्या रांगेत जाऊन बसते. ही केवळ पुस्तकी भीती नाही. २०२० मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने फोक्सवॅगन फायनान्स विरुद्ध श्री बालाजी प्रिंटोपॅक या प्रकरणात हेच ठरवलं. गाडीच्या नोंदणी पुस्तकात हायपोथिकेशनची नोंद होती, पण कलम ७७ प्रमाणे निबंधकांकडे चार्ज नोंदवला नव्हता. तेवढ्यावर वित्तकंपनीला तारणी धनको मानलं गेलं नाही.

म्हणून बँका चढवण्याच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बसतात. CHG-2 प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय अनेक शाखा पैसे सोडत नाहीत. कंपनीने तीस दिवसांत फॉर्म भरला नाही तर कलम ७८ खाली बँक स्वतः अर्ज करू शकते, आणि निबंधक कंपनीला नोटीस देऊन १४ दिवसांत चार्ज नोंदवू शकतात. स्वतःचा पैसा अडकलेला असताना बँकेला आठवण करून द्यावी लागत नाही.

कर्ज फिटल्यावर मात्र याच शाखेचा त्या फाईलमधला रस संपतो. पैसे वसूल झाले, खातं बंद झालं, चार्ज उघडा राहिल्याने बँकेचं एक रुपयाचंही नुकसान नाही. इथून पुढचं सगळं ओझं कायद्याने कंपनीवर टाकलं आहे.

कलम ८२ म्हणतं, की कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत कंपनीने CHG-4 मधून निबंधकांना कळवावं. तीस दिवस गेले तर ३०० दिवसांपर्यंत जादा शुल्क भरून निबंधक ते स्वीकारू शकतात. तीनशे दिवसांनंतर निबंधकांचे हात बांधलेले. मग कलम ८७ आणि चार्ज नोंदणी नियमांतला नियम १२ यांप्रमाणे केंद्र सरकारकडे, म्हणजे व्यवहारात प्रादेशिक संचालकांकडे, CHG-8 मधून विलंब माफीचा अर्ज. मुदत न पाळल्याचा दंड कलम ८६ प्रमाणे कंपनीला ५ लाख आणि कसूरदार अधिकाऱ्याला ५० हजार रुपये.

आता ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणावरून सांगते. कंपनीचं आणि बँकेचं नाव सांगत नाही, कारण असंच इतर कंपन्यांचंही होतं.

शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री. व्हीएमसी मशिनसाठी तिने ६० लाखांचं मुदत कर्ज घेतलं होतं. शेवटचा हप्ता १० जून २०२२ रोजी गेला. शाखेने नो ड्यूजचं पत्र दिलं २ ऑगस्टला. ते पत्र फाईलला लागलं आणि मालकांच्या मते विषय संपला. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी दुसऱ्या बँकेकडे दीड कोटींचं कॅश क्रेडिट मागितलं. त्या बँकेच्या पॅनेलवरच्या सचिवाने सर्च रिपोर्ट काढला, तेव्हा ‘View Index of Charges’ मध्ये ६० लाखांचा जुना चार्ज दिसला आणि फेडीच्या तारखेचा रकाना मोकळा होता. मंजुरीपत्रात अट आली : जुना चार्ज उतरल्याचं CHG-5 प्रमाणपत्र आणा, मगच पैसे.

पहिला घोळ तारखेचा. मालकांना वाटत होतं, मुदत बँकेच्या पत्रापासून मोजायची. तसं नाही. कलम ८२ चं घड्याळ पैसे पूर्ण फिटल्याच्या दिवशी सुरू होतं. म्हणजे ३० दिवस १० जुलै २०२२ ला संपले आणि बँकेचं पत्र हाती आलं तेव्हा कंपनी आधीच तीन आठवडे उशिरात होती. ३०० दिवस संपले ६ एप्रिल २०२३ ला. फॉर्ममध्ये फेडीची तारीख १० जून लिहायची आणि सोबतच्या पत्रात फक्त ‘आजच्या तारखेला येणे बाकी नाही, २ ऑगस्ट’ असं असेल, तर कागद एकमेकांशी जुळत नाहीत आणि फॉर्म परत येण्याची भीती राहते. म्हणून कर्ज खात्याचा उतारा आणि शेवटच्या भरण्याची तारीख नमूद केलेलं नवं पत्र मागावं लागलं.

दुसरा घोळ त्या पत्राचाच. CHG-4 सोबत ‘कर्ज पूर्ण फिटलं’ असं सांगणारं चार्जधारकाचं पत्र जोडणं सक्तीचं आहे आणि फॉर्मवर बँकेच्या अधिकाऱ्याची डिजिटल सहीही लागते. शाखेत ती सही कुणाकडेच नव्हती, ती विभागीय कार्यालयातल्या अधिकाऱ्याकडे होती. अडीच वर्षांपूर्वी बंद झालेल्या खात्याची फाईल शाखेतून रेकॉर्ड रूमला गेलेली. शाखाधिकारी नवे होते. ते म्हणाले, “मॅडम, आमच्या बाजूने तर आम्ही चार्ज तेव्हाच काढलाय.” ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी काढला होता तो सेरसाईच्या नोंदवहीतला चार्ज. सिक्युरिटायझेशन कायद्याप्रमाणे ती नोंद काढण्याची जबाबदारी बँकेवर आहे. आपल्या नोंदवहीतली नोंद वेगळी, तिची जबाबदारी कंपनीवर. दोन्ही नोंदवह्या केंद्र सरकारच्याच कायद्यांखालच्या, पण एकीत उतरलेला बोजा दुसरीत आपोआप उतरत नाही. सामान्य उद्योजकाला हा फरक कुणी सांगत नाही आणि बँकेच्या माणसालाही तो ठाऊक असेलच असं नाही.

बँकेचा कागद मिळाल्यावर पुढची पायरी अर्जाची. संचालक मंडळाचा ठराव, विलंबाची कारणं सांगणारा विनंतीअर्ज, शपथपत्र, बँकेचं पत्र, खात्याचा उतारा, हे सगळं CHG-8 सोबत गेलं. कलम ८७ प्रमाणे प्रादेशिक संचालकांनी बघायचं असतं, की विलंब अनवधानाने किंवा पुरेशा कारणाने झाला का, किंवा त्यामुळे धनको वा भागधारकांचं नुकसान होत नाही ना. आदेश झाला, तो INC-28 मधून निबंधकांकडे दाखल केला, त्याच्या आधारे CHG-4 नोंदवला गेला आणि मग CHG-5 प्रमाणपत्र आलं. या सगळ्यात जे महिने गेले त्या काळात कॅश क्रेडिट नव्हतं. फौंड्रीने पिग आयर्न आणि स्क्रॅप उधारीवर, चढ्या भावाने उचललं.

इथं मी आपल्याला एकच प्रश्न विचारते. या अर्जात प्रादेशिक संचालकांनी तपासायचं तरी काय होतं? ज्याचा चार्ज, तो धनको स्वतः लिहून देतो की माझे पैसे मिळाले. इतर धनकोंच्या दृष्टीने एक बोजा कमी झाला तर त्यांची बाजू बळकटच होते. भागधारकांचंही तसंच. कलम ८७ ची कसोटी बँकेच्या सहीच्या एका कागदाने पुरी होते, तरी पूर्ण अर्ज, आदेश आणि दाखल्यांची फेरी करावी लागते. शेतकऱ्याने सोसायटीचं कर्ज फेडलं आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा काढायचा राहिला, तर तलाठी सोसायटीचा दाखला बघून फेरफार धरतो, उशीर का केला म्हणून त्याला वरच्या कार्यालयात माफीचा अर्ज करायला लावत नाही.

याला एक आक्षेप येऊ शकतो आणि तो हलका नाही. खोटं नो ड्यूज पत्र जोडून कुणी जिवंत चार्ज उतरवला तर? मग चढवण्यातल्या उशिराइतकाच, किंबहुना जास्त, धोका उभा राहतो. म्हणूनच कलम ८२(२) मध्ये सोय आहे, की चार्जधारकाची सही नसेल तर निबंधकांनी त्याला १४ दिवसांपर्यंतची मुदत देऊन ‘नोंद का करू नये’ असं विचारावं. फसवणुकीवरचा इलाज म्हणजे धनकोला विचारणं. किती दिवस उशीर झाला यावर फसवणूक ठरत नाही. दोनशे नव्वदाव्या दिवशी खोटं पत्र येऊ शकतं आणि हजाराव्या दिवशी खरं. शिवाय सेरसाईत तीच नोंद आधीच उतरली असेल तर पडताळणीचा दुसरा पुरावा सरकारच्याच घरात आहे.

आणखी एक विसंगती आपल्या नजरेस आणते. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने वैयक्तिक कर्जांसाठी नियम केला : कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि कोणत्याही नोंदवहीतला चार्ज काढायचा, नाहीतर बँकेच्या चुकीने होणाऱ्या उशिराबद्दल दर दिवशी ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. याचा अर्थ असा, की त्या फौंड्रीच्या मालकाने आज घरकर्ज फेडलं तर तीस दिवसांत बोजा उतरवणं ही बँकेची जबाबदारी. त्याच माणसाच्या कंपनीने मशिनचं कर्ज फेडलं तर तीच बँक, तीच शाखा, तोच तीस दिवसांचा आकडा, पण जबाबदारी कंपनीची आणि दंडही कंपनीला. चार कामगारांच्या कारखान्याकडे बँकेहून मोठं कायदा खातं आहे असं समजूनच जणू ही वाटणी झाली आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली मागणी बँकांबद्दल. कलम ८२ च्या परंतुकात विलंबाचा अर्ज ‘कंपनी किंवा चार्जधारक’ यांपैकी कुणीही करू शकतो असं आजही लिहिलं आहे. म्हणजे बँकेला अधिकार आहे, कर्तव्य मात्र नाही. रिझर्व्ह बँकेशी बोलून ते कर्तव्यही ठरवून द्यावं. निदान कलम ७७ खाली नोंदवलेल्या चार्जच्या बाबतीत, नो ड्यूज पत्र देतानाच शेवटच्या भरण्याची तारीख आणि चार्जचा क्रमांक लिहिलेलं पत्र व CHG-4 वरची सही ३० दिवसांच्या आत देणं बँकेवर बंधनकारक व्हावं. सेरसाईत नोंद उतरली की कंपनीला आणि निबंधकांना सूचना जावी. मुदत सुरू झाली आहे याची आठवण कंपनीला आज कुणी करून देत नाही.

दुसरी मागणी तीनशे दिवसांबद्दल. कर्ज पूर्ण फिटलं आहे असं चार्जधारक स्वतः सहीनिशी सांगतो तिथं तीनशे दिवसांनंतरही जादा शुल्क घेऊन नोंद करण्याचा अधिकार निबंधकांना द्यावा. त्यासाठी कलम ८२ चं परंतुक बदलावं लागेल, नुसता नियम बदलून भागणार नाही, हे मला माहीत आहे. बँक नकार देते, रक्कम वादात आहे किंवा चार्जधारक अस्तित्वातच नाही अशी प्रकरणं प्रादेशिक संचालकांकडेच राहू द्यावीत. त्यांचा वेळ तिथं खर्च व्हायला हवा.

तोवर आणखी एक गोष्ट कायद्यात हात न घालता करता येईल. कलम ८३ प्रमाणे कंपनीकडून काहीच आलं नाही तरी, कर्ज फिटल्याचा समाधानकारक पुरावा मिळाल्यास निबंधक स्वतः तशी नोंद करू शकतात आणि ३० दिवसांत संबंधितांना कळवतात. व्यवहारात हे कलम वापरलेलं मी पाहिलेलं नाही. कोणता पुरावा चालेल, बँकेचं पत्र आणि सेरसाईची नोंद पुरेशी आहे का, एवढं सांगणारं एक परिपत्रक निघालं तरी शेकडो जुने चार्ज बंद होतील.

तिसरी मागणी उलट दिशेची. चढवण्याच्या १२० दिवसांना हात लावू नये. त्यात सूट मागणारी निवेदनं आपल्याकडे येत असतील, बँकांकडून अधिक. पण तिथं बँकेला अर्ज करण्याचा स्वतंत्र हक्क आहे, स्वतःचा पैसा अडकलेला आहे आणि पुरेसा वेळही आहे. तिथली सैलता दुसऱ्या धनकोच्या खिशातून जाते.

हे पत्र वाचणाऱ्या उद्योजकांसाठी दोन ओळी. मुदत कर्ज फिटलं पण त्याच चार्जखाली कॅश क्रेडिट चालू असेल, तर CHG-4 चालणार नाही. CHG-4 चार्ज पूर्ण फिटला तरच. तिथं रक्कम कमी झाल्याची दुरुस्ती CHG-1 मधूनच करावी लागते. आणि नो ड्यूज पत्र घेताना शाखेकडून चार्जधारकाचं पत्र व सहीची व्यवस्था त्याच भेटीत मागा, कारण ज्या अधिकाऱ्याने तुमचं खातं बंद केलं तो पुढच्या बदलीत जाईल.

महोदय, आपल्या खात्याने २०१८ मध्ये चार्ज चढवण्याच्या मुदतीला शिस्त लावली. तेव्हा उतरवण्याच्या बाजूला बँकेची जबाबदारी ठरवायची राहून गेली. ती ठरवली, तर प्रादेशिक संचालकांच्या टेबलावर फक्त खऱ्या वादाची प्रकरणं उरतील.

आपली विश्वासू,
एक व्यवसायी कंपनी सचिव,
कोल्हापूर